प्रत्येक पीक वेगळा लॅटिस पॅरामीटर सांगतोय? आधी होल्डरमधली पावडर बघा

लक्षणं अशी असतात. नमुना क्यूबिक आहे, एक्सआरडीचा पॅटर्न स्वच्छ आहे, सॉफ्टवेअरनं फेजही ओळखून दिली आहे. मग तुम्ही एकेका पीकवरून लॅटिस पॅरामीटर `a` काढायला बसता आणि प्रत्येक पीक वेगळा आकडा देतो. डावीकडच्या, म्हणजे कमी कोनाच्या पीकवरून `a` मोठा येतो आणि उजवीकडे जाता जाता तो उतरत जातो. काही वेळा नेमकं उलट होतं, चढत जातो. सगळेच पीक त्या फेजच्या संदर्भ-कार्डापेक्षा एक-दीड दशांश अंशानं एकाच बाजूला सरकलेले असतात. तोच नमुना पुढच्या आठवड्यात पुन्हा लावला की आकडा बदलतो. आणि सर्वांत फसवं लक्षण म्हणजे डोपिंगची मालिका केली तर `a` कधी वाढतो, कधी थांबतो, कधी मागे येतो.

यातलं काही दिसत असेल तर थिसिसमध्ये «डोपिंगमुळे लॅटिस प्रसरण पावली» हे वाक्य लिहायच्या आधी पुढचं वाचा.

मी नागपूरच्या एका कॉलेजात एक्सआरडीचं मशीन सांभाळतो. फेराइटवाली पोरं आमच्याकडे फार येतात, त्यामुळे हा बिघाड मी इतक्या वेळा पाहिलाय की आता प्रिंटआउट टेबलावर पडायच्या आधी चेहऱ्यावरून ओळखतो. गेल्या उन्हाळ्यात एम.एस्सी.ची एक मुलगी आली. सोल-जेल ऑटोकम्बश्चननं निकेल फेराइट बनवलेलं, एक नमुना शुद्ध आणि दुसऱ्यात निकेलच्या जागी २५ टक्के झिंक. «सर, दोन्हीचा `a` सारखाच येऊन राहिला. झिंक गेलं कुठं?»

प्रश्न रास्त होता. शुद्ध निकेल फेराइटचा `a` ८.३३९ अँगस्ट्रॉम (कार्ड 10-0325) आणि झिंक फेराइटचा ८.४४१. मधल्या मिश्रणांचा आकडा या दोघांना जोडणाऱ्या सरळ रेषेच्या जवळपास पडतो, म्हणजे २५ टक्के झिंकला साधारण ८.३६५ यायला हवा. तिच्या झिंकवाल्या नमुन्याचा तेवढाच आला होता, आणि सहाही पीक ८.३६३ ते ८.३६७ च्या आत होते. गडबड शुद्ध नमुन्यात होती. त्याचीही सरासरी ८.३६५! झिंकचा कण नसलेली पावडर पाव हिस्सा झिंक असल्यासारखी बोलत होती.

ती स्वतः दोन कारणं घेऊन आली होती. एक, भट्टीत काहीतरी चुकलं. दोन, नागपूरचं ऊन. दुसरं कारण तिथल्या तिथे निकालात निघतं. अशा ऑक्साइडचं प्रसरण अंशाला दहा लाखात दहाच्या घरात असतं. खोली २५ ऐवजी ४५ अंशांवर गेली असं धरलं तरी `a` मध्ये ०.००१७ चा फरक पडेल. आपल्याला शोधायचा आहे तो ०.०२६ चा, पंधरा पट मोठा. मे महिन्यात चिलर ट्रिप होतो ते खरं, पण या पापाचा धनी तो नाही.

१. हिशेब तपासा. खर्च शून्य, वेळ दहा मिनिटं

हे आधी करायचं कारण इथली चूक सापडली तर मशीनकडे जायचीच गरज उरत नाही. आणि ती सापडते, बऱ्याचदा.

एक्सेलचं `SIN` रेडियनमध्ये चालतं. `RADIANS` विसरलात तर दुसऱ्या-तिसऱ्या ओळीत `a` उणे येतो, त्यामुळे ही चूक लपत नाही. लपते ती दुसरी: प्लॉटवर २θ असतो आणि सूत्रात θ लागतो. ३०.१४ चं अर्धं करायचं राहिलं तर उत्तर ४.३४ येतं, आणि तो आकडा इतका सभ्य दिसतो की कुणाला संशयही येत नाही.

मग तरंगलांबी. तांब्याच्या ट्यूबची केअल्फा-१ रेषा १.५४०६, आणि केअल्फा-१ व केअल्फा-२ मिळून भारित सरासरी १.५४१८. सॉफ्टवेअरनं केअल्फा-२ काढून टाकलेल्या डेटावर १.५४१८ वापरली तर `a` सरसकट ०.००६५ नं फुगतो. पण ही चूक सगळ्या पीकला सारख्याच प्रमाणात फुगवते, उतार तयार करत नाही. तुमचे आकडे उतरत जात असतील तर दोषी ती नाही. डेटा बाहेरून करून आणला असेल तर ट्यूब कोणती होती तेही विचारा. लोह असलेल्या नमुन्यांसाठी काही ठिकाणी कोबाल्टची ट्यूब लावतात, आणि तिच्यावर निकेल फेराइटचा मुख्य पीक ३५.७ ऐवजी ४१.७ ला येतो. एकदा एकानं त्यालाच नवी फेज समजून अख्खा सेमिनार दिला होता.

२. गुणोत्तरं बघा, म्हणजे नमुना क्यूबिक आहे का ते कळेल

क्यूबिक स्फटिकात sin²θ हे N च्या प्रमाणात असतं, आणि N म्हणजे h²+k²+l². फेराइटची रचना स्पिनेलची. तिच्यात ३० ते ६५ अंशांमध्ये ठळक दिसणारे पीक (२२०), (३११), (४००), (४२२), (५११) आणि (४४०). त्यांचे N अनुक्रमे ८, ११, १६, २४, २७, ३२. मध्ये ३७.३ ला (२२२) असतो, पण तो बारीक आहे, मोजणीत धरू नका.

करायचं एवढंच की प्रत्येक पीकच्या sin²θ ला पहिल्या पीकच्या sin²θ नं भागायचं आणि आठनं गुणायचं. त्या मुलीच्या शुद्ध नमुन्याचं उत्तर आलं ८, ११.०२, १६.०५, २४.१२, २७.१४, ३२.१९.

तिला वाटलं रचना क्यूबिक नाही, कारण पूर्णांक नाहीत. मी म्हटलं, «अगं, पूर्णांक नाहीत ते सोड, चुकतायत कसे ते बघ.» जास्तीचा अंश दोन, पाच, बारा, चौदा, एकोणीस असा शिस्तीत वाढतोय. रचना खरोखर क्यूबिकपासून ढळली असती तर काही पीक फाटले असते किंवा रुंद झाले असते, काही जागेवर राहिले असते. चूक इतक्या शिस्तीत वाढते तेव्हा दोष स्फटिकाचा नसून मोजणीचा असतो. या तपासणीचा खरा उपयोग हाच: रचना शोधायची की मशीनकडे बघायचं, ते इथे ठरतं.

फाटलेल्या पीकबद्दल एक सावधगिरी. ६३ अंशांच्या पीकला उजव्या बाजूला खांदा दिसला तर घाबरू नका. तिथे केअल्फा-१ आणि केअल्फा-२ एकमेकांपासून ०.१७ अंशांवर असतात. ३० अंशांवर हेच अंतर ०.०८ असतं, म्हणून तिथे खांदा दिसत नाही.

३. उरलेले पीक बघा आणि लपलेलेही

सॉफ्टवेअर «मॅच» म्हणालं की पोरं फाइल बंद करतात. सॉफ्टवेअर फक्त इतकंच सांगतं की कार्डावरच्या रेषा तुमच्या पॅटर्नमध्ये आहेत. तुमच्या पॅटर्नमधल्या सगळ्या रेषा कार्डावर आहेत की नाही, ते तुम्हालाच बघायचं असतं.

निकेल फेराइटला दोन पाहुणे हमखास येतात. पहिला हेमॅटाइट. त्याचा एक मोठा पीक ३५.६ ला येतो, थेट फेराइटच्या (३११) वर, आणि तिथे तो दिसत नाही. दिसतो ३३.१५ ला, कारण त्याचा सर्वांत उंच पीक तिथे आहे आणि फेराइटचं तिथे काहीही नाही. म्हणून ३२.५ ते ३४ हा पट्टा मोठा करून बघायचा. तिथे टेकाड असेल तर (३११) मध्ये हेमॅटाइटची भेसळ आहे हे पक्कं, आणि `a` काढताना तो पीक वगळायचा.

इथे तांब्याची ट्यूब एक खोडी करते. तिची किरणं लोहाच्या अणूंना स्वतःची क्ष-किरणं सोडायला लावतात आणि सगळा पॅटर्न उंच, खडबडीत पायावर जाऊन बसतो. त्या पायात छोटा हेमॅटाइट सहज बुडतो. उपाय म्हणजे तेवढ्या पट्ट्याचा संथ स्कॅन, आणि मशीनला डिटेक्टरच्या बाजूचा मोनोक्रोमेटर असेल तर तो लावणं. निकेलचा फिल्टर इथे कामाचा नाही, कारण तो लोहाची किरणं अडवत नाही.

दुसरा पाहुणा निकेल ऑक्साइड, आणि तो खरा चोर आहे. त्याचा `a` ४.१७७, म्हणजे फेराइटच्या जवळपास निम्मा. त्यामुळे त्याचे पीक ३७.२५, ४३.२८ आणि ६२.८८ ला येतात, फेराइटच्या (२२२), (४००) आणि (४४०) च्या अगदी अंगावर. वेगळा पीक दिसतच नाही. पण तो दोन ठिकाणी सापडतो. शुद्ध निकेल फेराइटमध्ये (४००) हा (२२०) पेक्षा थोडा बुटका असतो, तो उंच दिसला तर शंका घ्या. आणि पुढच्या पायरीतल्या आलेखावर (४००) आणि (४४०) हे दोनच ठिपके रेषेपासून वर उडालेले दिसले तर शंका पक्की करा. निकेल ऑक्साइडचा `a` दुप्पट केला की ८.३५४ होतो. ते दोन पीक त्याच्याकडे ओढले जातात, बाकीचे नाही.

४. सरासरी काढू नका, आलेख काढा

त्या शुद्ध नमुन्याचे आकडे:

| २θ | N | `a` (अँगस्ट्रॉम) |
|---|---|---|
| ३०.१४ | ८ | ८.३८० |
| ३५.५३ | ११ | ८.३७३ |
| ४३.२२ | १६ | ८.३६६ |
| ५३.६७ | २४ | ८.३६० |
| ५७.२३ | २७ | ८.३५८ |
| ६२.८७ | ३२ | ८.३५५ |

यांची सरासरी ८.३६५. पण सरासरी तेव्हा चालते जेव्हा चुका दोन्ही बाजूंना विखुरलेल्या असतात. इथे सहाही चुका एकाच बाजूला आहेत, फक्त कमी-जास्त. सहा घड्याळं सगळीच पुढे असतील तर त्यांची सरासरी काढून बरोबर वेळ कळत नाही.

पावडरचा पृष्ठभाग गोनिओमीटरच्या अक्षापासून खाली किंवा वर असेल तर `a` मधली चूक cos²θ/sinθ च्या प्रमाणात येते. कोन ९० अंशांकडे गेला की ही राशी शून्य होते. म्हणजे उभ्या अक्षावर `a`, आडव्या अक्षावर cos²θ/sinθ असा आलेख काढायचा, सहा ठिपक्यांतून सरळ रेषा काढायची आणि ती उभ्या अक्षाला जिथे कापते तो आकडा घ्यायचा. पुस्तकांत नेल्सन-रायली नावाचं थोडं लांब फलन सापडेल. ते १९४५ चं आहे, फिल्मवरच्या कॅमेऱ्यांच्या काळातलं, आणि त्यात नमुन्याच्या शोषणाचाही हिशेब आहे. सपाट होल्डरच्या मशीनवर चूक उंचीची असेल तर हे छोटं फलनच पुरतं.

एक्सेलमध्ये A स्तंभात २θ, B मध्ये N आणि पुढे असं:

```
C2: =SIN(RADIANS(A2/2))
D2: =1.5406*SQRT(B2)/(2*C2)
E2: =(1-C2^2)/C2
G2: =INTERCEPT(D2:D7,E2:E7)
G3: =SLOPE(D2:D7,E2:E7)
```

तिच्या आकड्यांवर `INTERCEPT` आला ८.३३९. शुद्ध निकेल फेराइट, कार्डाप्रमाणे. झिंक कुठेही गेलं नव्हतं. ते जिथे घातलं होतं तिथेच होतं आणि जिथे नव्हतं तिथे नव्हतंच.

आता `SLOPE` फेकून देऊ नका, मला त्यातच जास्त रस असतो. उताराला `a` नं भागलं की पावडर किती खाली होती भागिले गोनिओमीटरची त्रिज्या, हे गुणोत्तर मिळतं. उतार ०.०११३, `a` ८.३३९, भागाकार ०.००१३६. आमच्या टेबलटॉप मशीनची त्रिज्या १५० मिलिमीटर. गुणाकार ०.२० मिलिमीटर. म्हणजे होल्डरमध्ये पावडर कडेपेक्षा ०.२ मिलिमीटर खाली बसली होती. उतार धन असला तर पावडर खाली, ऋण असला तर वर. मोठ्या त्रिज्येच्या मशीनवर तेवढाच खड्डा कमी त्रास देतो, म्हणून त्रिज्येचा आकडा आपल्या मशीनच्या मॅन्युअलमधून घ्या, माझा उचलू नका.

५. होल्डर बघा आणि नमुना पुन्हा भरा

सुदैवानं तिचा होल्डर तसाच भरलेला ड्रॉवरमध्ये होता. काचेची स्लाइड त्याच्यावर आडवी ठेवली आणि खिडकीकडे धरला. स्लाइड आणि पावडर यांच्यामधून उजेडाची फट सरळ दिसत होती. आमच्याकडे टपरीसमोरच्या मेकॅनिककडून आणलेलं एक जुनं फीलर गेज आहे, गाडीचं टॅपेट सेट करतात ते. ०.१५ ची पट्टी पावडरला न लागता गेली, ०.२० ची टेकून गेली, ०.२५ ची गेलीच नाही. आलेखानं सांगितलेला आकडा आणि मेकॅनिकची पट्टी एकाच जागी आल्या. त्या मुलीचा चेहरा बघण्यासारखा होता.

असं का होतं? पावडर कमी असते आणि पुरवून वापरली जाते. किंवा स्लाइड दाबून उचलताना पावडर तिला चिकटून वर येते आणि मधोमध खड्डा पडतो. पावसाळ्यात दमट हवेत हे फार होतं. नमुना १०० अंशांवर तासभर वाळवून, ओव्हनमधून काढून थंड झाल्यावर भरला तर कमी होतं. याच्या उलट, काही जण पावडर अ‍ॅसिटोनमध्ये कालवून स्लाइडवर थापतात. तिथे थर स्लाइडच्या पातळीच्या वर जातो, पीक उजवीकडे सरकतात आणि `a` लहान येतो. हाच तो «डोपिंगमुळे लॅटिस आकुंचन पावली» वाला वर्ग.

भरायची पद्धत साधी आहे. खळगा थोडा उतू जाईल इतकी पावडर घ्यायची. स्लाइडनं वरून दाबायची, पण स्लाइड घासत ओढायची नाही, सरळ उचलायची. मग स्लाइडच्या धारेनं एकदाच कडेला टेकवून जास्तीची पावडर कापायची. पुन्हा फट बघायची. पावडर खळगा भरण्याइतकी नसेल तर अर्धवट भरू नका, उथळ खळग्याचा होल्डर मागा.

तिनं नमुना माझ्यासमोर पुन्हा भरला आणि आम्ही स्कॅन लावला. मुख्य पीक ३५.५३ वरून ३५.६७ वर आला. सहाही पीकचे `a` ८.३३७ ते ८.३४२ च्या आत, कुठलाही उतार नाही.

आलेखानं दुरुस्ती होत असताना पुन्हा भरायचा खटाटोप कशाला, असं विचारतात. कारण आलेख चूक ओळखून काढतो, पण त्यात एक गृहीत आहे की दोष उंचीचाच आहे. गोनिओमीटरचा शून्य सरकला असेल तरी उतार जवळपास असाच दिसतो. ३० ते ६३ अंशांच्या टापूत हे दोन दोष वेगळे काढणं अवघड आहे. शून्याची चूक असताना उंचीचा आलेख वापरला तर उत्तर या उदाहरणात ०.००३ नं चुकेल. पुन्हा भरल्यावर मात्र निकाल लागतो: सरकणं बदललं तर दोष उंचीचा होता, आणि कोणाचाही कोणताही नमुना नेहमी तेवढाच सरकत असेल तर दोष शून्याचा.

६. सिलिकॉन मिसळा

वरचं सगळं करूनही आकडा बसत नसेल, किंवा ०.००३ चाही फरक तुमच्या निष्कर्षासाठी महत्त्वाचा असेल, तर पावडरमध्ये वजनानं साधारण दहा टक्के शुद्ध सिलिकॉन पावडर खलात हलक्या हातानं मिसळा. सिलिकॉनचे पीक २८.४४, ४७.३० आणि ५६.१२ ला यायला हवेत, आणि ते फेराइटच्या कुठल्याही पीकवर चढत नाहीत. ते जेवढे सरकलेले दिसतील तेवढंच शेजारचं फेराइटही सरकलं आहे, कारण दोघं एकाच पृष्ठभागावर बसलेत. दोष उंचीचा की शून्याचा, हा वाद इथे संपतो, दोन्ही एकदम दुरुस्त होतात. ही पायरी शेवटी ठेवली कारण प्रमाणित सिलिकॉन महाग असतं आणि एकदा मिसळलेला नमुना परत वेगळा होत नाही. थोडी पावडर आधीच बाजूला काढून ठेवा.

आणि कृपा करून `a` चार-चार दशांशांपर्यंत छापू नका. स्कॅनची पायरी ०.०२ अंशांची असेल तर ३० अंशांच्या पीकवर एका पायरीची चूक म्हणजे `a` मध्ये ०.००५. ६३ अंशांवर तीच चूक ०.००२४. एकच पीक वापरायची वेळ आली तर उजवीकडचा घ्या, (३११) उंच आहे म्हणून तो नको.

इथे थांबा

सिलिकॉनचे पीकही दर वेळी, नमुना नीट भरूनही, तेवढेच सरकलेले येत असतील तर मशीनचा अलाइनमेंट गेला आहे. ते काम कंपनीच्या सर्व्हिस इंजिनिअरचं. दार उघडं ठेवून किरणं चालू करणं, इंटरलॉकला चिमटा लावणं, स्लिट हातानं हलवून बघणं यातलं काहीही करायचं नाही, अगदी «एकदाच बघतो» म्हणूनही नाही. मशीनची नोंद अणुऊर्जा नियामक परिषदेकडे असते आणि तुमच्या बोटांना दुसरी जोडी मिळत नाही.

दुसरी थांबायची जागा फेजची. मॅगहेमाइट नावाचं लोहाचं ऑक्साइड स्पिनेलसारख्याच रचनेचं आहे आणि त्याचा `a` ८.३५ च्या आसपास, म्हणजे निकेल फेराइटला चिकटून. नॅनो आकाराच्या, रुंद पीकच्या पावडरमध्ये ही दोन्ही एक्सआरडीवरून वेगळी सांगता येत नाहीत, कितीही आलेख काढले तरी. तिथे मॉसबावर किंवा रमन करणाऱ्याकडे जा. निकेल ऑक्साइडची शंका आली आणि ते किती टक्के आहे हे हवं असेल, तर रीटव्हेल्ड रिफाइनमेंट रोज करणाऱ्या माणसाकडे जा, एका रात्रीत शिकून केलेलं नको. आणि साध्या घाईच्या स्कॅनमध्ये दोन-तीन टक्क्यांखालची भेसळ सहसा दिसतच नाही. म्हणून «शुद्ध फेज मिळाली» ऐवजी «दुसरी फेज दिसली नाही» असं लिहा.

जाताना प्लॉटचं चित्र नेऊ नका, कच्ची फाइल न्या: `.raw` किंवा `.xy`. सोबत कागदावर ट्यूब कोणती, पायरी किती अंशांची, होल्डर कोणता आणि गोनिओमीटरची त्रिज्या किती, एवढं लिहून न्या. त्या मुलीनं आता प्रत्येक स्कॅनच्या फाइलच्या नावातच फीलर गेजचा आकडा लिहायला सुरुवात केली आहे, आणि गेज माझ्याकडून नेलंय ते अजून परत आलेलं नाही.